कोलोनोस्कोपीची तयारी: पहाटेचा दुसरा डोस का चुकवू नये

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून एक लवचिक दुर्बीण सरकवून मोठं आतडं आतून पाहणं. दुर्बीण साधारण बोटाएवढी जाड असते. तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो, आणि आतून एक बारीक मार्ग जातो. त्यातून पाणी मारता येतं, साचलेला द्रव ओढून घेता येतो, चिमटा घालून आतड्याच्या अस्तराचा छोटा तुकडा काढता येतो. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं, आणि टेबलावरचं काम बहुतेक वेळा २० ते ४५ मिनिटांत उरकतं.

या तपासणीची वेळ ठरली की लोक विचारतात ते टेबलावरच्या अर्ध्या तासाबद्दल: दुखेल का, भूल देणार का, लाज वाटेल का. तपासणी फसते ती मात्र बहुधा आदल्या रात्री, घरी. कॅमेऱ्याला मळाच्या आरपार दिसत नाही. आतडं नीट रिकामं नसेल तर डॉक्टरांचा हात कितीही सराईत असो, जे झाकलेलं आहे ते झाकलेलंच राहतं. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे, आणि तयारीतही जो भाग सगळ्यात जास्त चुकवला जातो त्याला, म्हणजे पहाटे उठून प्यायच्या दुसऱ्या डोसाला.

औषध दोन भागांत का विभागलेलं असतं

आदल्या संध्याकाळी औषधाचा पहिला भाग घेतला की तीन-चार तासांत पोट बऱ्यापैकी धुऊन निघतं. रात्री दहाच्या सुमाराला शौचाला नुसतं पाणी होऊ लागतं आणि माणसाला वाटतं, झालं आता. पण लहान आतडं रात्री थांबत नाही. पित्त, पाचकरस आणि चिकट स्राव मोठ्या आतड्यात उतरत राहतात. ते पहिल्यांदा पडतात ते पोटाच्या उजव्या बाजूला, जिथे मोठं आतडं सुरू होतं. सकाळपर्यंत तिथल्या भिंतीवर हिरवट-पिवळा, बुळबुळीत थर चढलेला असतो.

ही उजवी बाजू आधीच अवघड असते. इथल्या काही गाठी, ज्यांना पॉलिप म्हणतात, देठावर लोंबणाऱ्या नसतात. त्या चपट्या आणि फिकट असतात, भिंतीच्या रंगात मिसळून जातात. वर थर असेल तर त्या दिसण्याची शक्यता आणखी कमी होते. पहाटेचा डोस हा थर धुऊन काढतो. म्हणून तो तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करायचा असतो. सगळं औषध आदल्या संध्याकाळीच संपवून रात्रभर शांत झोपणं सोयीचं वाटतं, पण त्यात नेमका हाच फायदा जातो.

आठवडाभर आधी: गोळ्यांची यादी

वेळ ठरवतानाच तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्या आणि इंजेक्शनं सांगा. आयुर्वेदिक आणि स्वतःहून घेतलेलीही त्यात आली. पुढचे प्रकार नावानिशी विचारून घ्या.

लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी थांबवायला सांगतात. लोहामुळे मळ काळा आणि डिंकासारखा चिकट होतो, आणि तो पाण्याने सहज सुटत नाही. इसबगोल आणि तंतुमय पावडरीही याच काळात बंद ठेवतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय कुणीही स्वतः घेऊ नये. वॉरफेरिन सहसा ५ दिवस आधी थांबवतात, क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस. नव्या प्रकारच्या गोळ्यांचा काळ त्याहून कमी असतो, आणि तो मूत्रपिंडाचं काम कसं चालू आहे त्यावर ठरतो. पण हे सगळं ‘सहसा’ आहे. ज्यांच्या हृदयात अलीकडेच स्टेंट बसवला आहे त्यांच्यासाठी गोळी थांबवणं हे कोलोनोस्कोपीपेक्षा मोठं संकट ठरू शकतं. तिथे गोळी लिहून देणारे डॉक्टर आणि दुर्बीण करणारे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं, प्रसंगी तपासणी पुढे ढकलायची असते. कमी मात्रेची अॅस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात.

मधुमेहाच्या औषधांत तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. इन्सुलिन आणि साखर पाडणाऱ्या गोळ्यांची मात्रा उपाशी दिवसासाठी कमी करावी लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा ‘फ्लोझिन’ने संपणाऱ्या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात, काही ४ दिवस. उपाशीपोटी त्या घेतल्या तर रक्तातलं आम्ल वाढू शकतं, आणि ते साखर फारशी वाढलेली नसतानाही होतं, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. तिसरी गोष्ट वजन आणि साखरेसाठी घेतली जाणारी आठवड्याची इंजेक्शनं. ती घेणाऱ्यांचं पोट हळू रिकामं होतं, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळायलाच हवं.

रक्तदाबाच्या बऱ्याचशा गोळ्या तपासणीच्या सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर घेता येतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र विचारा, कारण जुलाबाने शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं.

मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर तो ठळकपणे सांगा. पोट साफ करण्याच्या औषधाचा प्रकारच त्यावर बदलतो. सोडियम फॉस्फेटची औषधं मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि अशा रुग्णांत ती टाळतात.

कोणतं औषध, आणि ते काय करतं

सगळ्यात जास्त वापरली जाते ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. ती पाण्यात विरघळवून प्यायची असते, एकूण २ लिटर किंवा काही वेळा ४ लिटर. ही पावडर आतड्यातून शोषली जात नाही. ती आपल्यासोबतचं पाणी धरून ठेवते आणि ते पाणी तसंच पुढे वाहत जातं. सोबतच्या क्षारांचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की शरीरातून फारसं पाणी किंवा मीठ ओढलं जाऊ नये. म्हणून पाकिटावर सांगितलेल्या मापातच पाणी घालायचं. चव लवकर संपावी म्हणून अर्ध्या पाण्यात घट्ट केलं, तर हे गणितच बिघडतं.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियमच्या औषधात, प्यायचं औषध थोडं असतं. पण ते शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं, म्हणून त्यासोबत सांगितलेलं जादा पाणी पिणं हा औषधाचाच भाग आहे. ‘औषध घेतलं, पाणी राहिलं’ म्हणजे अर्धंच औषध घेतल्यासारखं.

एक दिवस प्रत्यक्ष कसा जातो

समजा ६० वर्षांच्या एका बाईंची तपासणी मंगळवारी सकाळी ११ वाजता आहे. त्यांच्या रक्तात लोह कमी आढळलं आहे, कारण सापडत नाही, म्हणून कोलोनोस्कोपी सांगितली आहे. त्या लोहाची गोळी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात. औषध २ लिटरचं, १ अधिक १ असं विभागलेलं. तुम्हाला दिलेला कागद वेगळा असेल तर तुम्ही तोच पाळायचा. हे उदाहरण वेळांमागचं कारण कळावं म्हणून आहे.

आधीच्या बुधवारी त्या लोहाची गोळी बंद करतात. रविवारपासून बिया, साली, दाणे, पालेभाज्या, कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं आणि कोंड्यासकटचं धान्य बंद. बिया हा खरा त्रास असतो. पचत नाहीत, धुतल्या जात नाहीत, आणि दुर्बिणीच्या बारीक मार्गात अडकून द्रव ओढणंच थांबवतात. खाण्यात पांढरा भात, साल काढून मऊ शिजवलेला बटाटा, अंडं, गाळलेलं सूप असं ठेवतात.

सोमवारी सकाळी आणि दुपारी एकच्या आत असंच हलकं खाणं होतं. त्यानंतर फक्त पारदर्शक द्रव: पाणी, गाळलेला सफरचंदाचा रस, नारळपाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं सूप. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे ग्लासाच्या मागे छापील कागद धरायचा. अक्षरं दिसली तर चालेल. दूध यात बसत नाही. लाल आणि जांभळ्या रंगाचं सरबतही टाळायचं, कारण आत ते रक्तासारखं दिसू शकतं.

संध्याकाळी ६ वाजता पहिला लिटर सुरू होतो. दर १५ मिनिटांनी साधारण २५० मिली, म्हणजे सातपर्यंत संपतो. द्रावण दुपारीच करून थंड ठेवलेलं असतं, गार झालं की चव कमी लागते. स्ट्रॉने जिभेच्या मागच्या भागावर ओढून घेतलं तर आणखी कमी. घोट-घोट करत दोन तास लावण्यापेक्षा एक ग्लास एका दमात आणि मग पंधरा मिनिटं विश्रांती हे बहुतेकांना जमतं, आणि प्रवाहही त्यानेच नीट सुरू होतो. पहिली शौच साधारण तासाभरात लागते, कुणाला दोन-तीन तास लागतात. दहा-अकरापर्यंत जोर ओसरतो. मध्ये तहान लागेल तसं पारदर्शक काहीतरी पीत राहायचं. शौचालयात मऊ ओला कागद किंवा पाणी वापरून, हळुवार टिपून, वर व्हॅसलीन लावलं तर जागा सोलवटत नाही. ही गोष्ट पहिल्या शौचेपासून केली तरच उपयोगी.

मेटफॉर्मिन त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सोमवारच्या दुपारनंतर घेतलेली नाही. रात्री झोपताना आणि पहाटे घरच्या यंत्रावर साखर पाहतात. ती ७० च्या खाली आली तर सुमारे १५० मिली गाळलेला सफरचंदाचा रस प्यायचा, त्यात साधारण १५ ग्रॅम साखर असते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बिस्किट खाऊन तपासणी वाया घालवायची गरज नसते, पण साखर पडली होती हे दवाखान्यात पोचल्यावर सांगायचं.

मंगळवारी पहाटे ५ चा गजर. साडेपाच ते साडेसहा दुसरा लिटर. साडेसहापासून दोन तासांत बहुतेक शौचा होऊन जातात. प्रवास असेल तर साडेआठनंतर निघणं सुखाचं, आणि तरीही पॅड लावून निघालेलं बरं. पाणी ९ पर्यंत चालतं. त्यानंतर घोटही नाही, कारण भूल दिल्यावर पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी याहून आधीची वेळ सांगितली असेल तर ती पाळायची.

तपासणी दुपारी तीनला असेल, तर दोन्ही भाग त्याच दिवशी सकाळी घेण्याची सोय अनेकदा देतात. मग पहाटे उठावं लागत नाही. वेळ ठरवताना हे विचारायला हरकत नाही.

तयारी झाली की नाही, कसं ओळखायचं

शौचालयातलं पाणी पाहायचं. लाज वाटण्याचं कारण नाही, आत येताच आमची परिचारिकाही हेच विचारते. फिकट पिवळं, लघवीसारखं, तळ दिसेल असं पाणी, त्यात एखाद-दुसरा पांढरट धागा असेल तरी चालतं. पिवळेपणा पित्ताचा असतो, तो पूर्ण जात नाही. तपकिरी, गढूळ, तळ न दिसणारं पाणी किंवा त्यात कण म्हणजे आत अजून शिल्लक आहे. सकाळी साडेसातला असं दिसलं तर निघायच्या आधी फोन करा. जादा औषध देता येतं, वेळ पुढे सरकवता येते. टेबलावर पडल्यावर हे कळलं तर यातलं काहीच उरत नाही.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पाण्यासारखं झालं म्हणून उरलेलं औषध सोडून देणं. पाण्यासारखं होणं ही सुरुवात आहे, पारदर्शक होणं हा शेवट.

मळमळ झाली तर अर्धा तास थांबा, चालत राहा आणि मग हळू वेगाने पुन्हा सुरू करा. एक उलटी झाली म्हणून औषध वाया जात नाही. वारंवार उलट्या होत असतील तर थांबून फोन करा. पहिला डोस संपून तीन-चार तास झाले तरी शौच लागली नाही, तरी कळवा. आणि पोट ताठ फुगलं आहे, असह्य दुखतं आहे, वायूही सुटत नाही, अशा वेळी पुढचा ग्लास घेऊ नका. आतडं कुठे तरी अडलेलं असू शकतं, आणि त्यावर औषध ओतत राहणं धोक्याचं आहे. थेट रुग्णालयात जा.

ज्यांना कायमचा बद्धकोष्ठ आहे, ज्यांच्या पोटावर मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, किंवा ज्यांचं आतडं मागच्या वेळी साफ झालं नव्हतं, त्यांना नेहमीची मात्रा पुरत नाही. त्यांनी हे आधीच सांगितलं तर दोन दिवसांची तयारी आखून देता येते.

टेबलावर

हातात सलाइनची सुई, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. झोप आणणारं औषध शिरेतून देतात. काही ठिकाणी गुंगी येते पण हाकेला ओ देता येते, काही ठिकाणी गाढ झोप लागते. कोणतं देणार हे तुमच्या तब्येतीवर आणि तिथे भूलतज्ज्ञ आहेत का यावर ठरतं. भूल न घेताही तपासणी होते आणि काहींना ती सहन होते.

आधी डॉक्टर वंगण लावून बोटाने तपासतात, मग दुर्बीण सरकवतात. आतडं मिटलेलं असतं, म्हणून ते हवा किंवा कार्बन डायऑक्साइडने किंचित फुगवावं लागतं. कार्बन डायऑक्साइड रक्तात लवकर शोषला जातो, त्यामुळे नंतरचा फुगारा कमी राहतो. सर्वांत जास्त कळ येते ती सुरुवातीच्या वळणावर, डाव्या बाजूला खाली. तिथलं आतडं मोकळं लोंबतं, दुर्बीण ढकलली की पुढे जाण्याऐवजी आतड्याचाच फास होतो आणि त्याला धरून ठेवणारा पडदा ताणला जातो. डॉक्टर दुर्बीण मागे ओढून फास सोडवतात. मदतनीस पोट दाबतात, किंवा तुम्हाला पाठीवर वळायला सांगतात. जागे असाल आणि कोणी पोट दाबत असेल तर काही बिघडलं असं समजू नका.

दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठं आतडं सुरू होतं त्या टोकापर्यंत पोचवायची असते. ते टोक दोन खुणांनी ओळखतात: अपेंडिक्सचं छोटं तोंड, आणि लहान आतडं जिथे उघडतं ती झडप. यांचे फोटो अहवालात असायला हवेत. खरी पाहणी त्यानंतर, दुर्बीण बाहेर काढताना होते. प्रत्येक घडीमागे डोकावत, पाणी मारून, उरलेला द्रव ओढत. पॉलिप किंवा बायोप्सी नसेल तेव्हाही या परतीला किमान ६ मिनिटं द्यावीत असा संकेत आहे, आणि अलीकडच्या शिफारशी सरासरी ८ मिनिटं धरतात.

पॉलिप दिसला तर बहुतेक वेळा तो त्याच वेळी काढतात. लहान पॉलिपाभोवती तारेचा फास टाकून, वीज न लावता, तो सरळ कापतात. आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. १० मिमीपेक्षा मोठा, चपटा किंवा पसरलेला असेल तर त्याखाली द्रव टोचून तो उचलावा लागतो, आणि कधी कधी त्यासाठी वेगळी तारीख घ्यावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टर मोठा पॉलिप त्या दिवशी न काढता फक्त नोंद करून ठेवू शकतात.

घरी गेल्यावर

सोबत कोणीतरी हवंच. भूल घेतली असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही, यंत्रावर काम करायचं नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. जागे आणि बरे वाटत असलात तरी निर्णयशक्ती आणि हालचालींचा वेग पूर्ण परतलेला नसतो. डॉक्टरांनी सांगितलेलंही आठवत नाही. ते सोबतच्या माणसासमोर सांगायला लावा आणि लिहून घ्या.

पोटात वायू राहतो. चाललं की सुटतो. खाणं त्याच दिवशी सुरू करता येतं. पुढची शौच दोन-तीन दिवसांनी झाली तरी काळजी नाही, आत काही उरलेलंच नसतं. तुकडा काढला असेल तर पहिल्या शौचेत रक्ताचे एक-दोन थेंब दिसू शकतात.

पुढचं काही झालं तर थांबू नका: पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणं, पोट कडक होणं, ताप, चक्कर, रक्ताच्या गाठी किंवा परत परत रक्त पडणं. आतड्याला छिद्र पडलं असेल तर ते बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत लक्षात येतं. पॉलिप काढलेल्या जागेतून रक्तस्राव मात्र दोन आठवड्यांपर्यंत सुरू होऊ शकतो. त्यामुळे मोठा पॉलिप काढला असेल तर त्या दोन आठवड्यांत लांबचा प्रवास ठेवू नका, आणि रक्त पातळ करणारी गोळी कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची ते लेखी घ्या.

या गोष्टी किती वेळा होतात? निव्वळ तपासणीसाठी केलेल्या कोलोनोस्कोप्यांच्या मोठ्या अभ्यासांत १०,००० जणांमागे साधारण ३ ते ६ जणांच्या आतड्याला छिद्र पडलं, आणि सुमारे १५ जणांना लक्षणीय रक्तस्राव झाला. वय जास्त असेल, पॉलिप मोठा असेल किंवा आतडं सुजलेलं असेल तर धोका याहून वाढतो. छिद्र पडल्यास काही वेळा दुर्बिणीतूनच चाप लावून बंद करता येतं, काही वेळा शस्त्रक्रिया लागते. संमतीपत्रावर सही करताना हे तुमच्या बाबतीत किती लागू आहे, असं थेट विचारा.

अहवाल वाचताना

चार गोष्टी शोधा. दुर्बीण सीकमपर्यंत पोचली का. आतडं किती साफ होतं. काय काढलं आणि ते किती मिमीचं होतं. पुढची तपासणी कधी.

सफाईसाठी अनेक ठिकाणी बॉस्टन मापक वापरतात. आतड्याच्या उजव्या, मधल्या आणि डाव्या भागाला प्रत्येकी ० ते ३ गुण, मिळून ९. तिन्ही भागांत किमान २ असतील तर सफाई पुरेशी मानतात. इथे एकूण बेरजेपेक्षा सर्वांत कमी गुणाकडे पाहायचं. डावीकडे ३, मध्ये ३ आणि उजवीकडे १ असे ७ गुण ऐकायला छान वाटतात, पण उजवी बाजू नीट पाहिलीच गेली नाही असा त्याचा अर्थ. पहाटेचा डोस सुटला की दिसतं ते हेच चित्र. अशा वेळी कर्करोगाच्या शोधासाठी केलेली तपासणी वर्षाच्या आत पुन्हा करायला सांगतात, म्हणजे सगळी तयारी पुन्हा.

सगळं स्वच्छ असतानाही कोलोनोस्कोपी हमी देत नाही. एकाच माणसाची पाठोपाठ दोनदा तपासणी करून पाहिलेल्या अभ्यासांत, सर्व अॅडेनोमांपैकी साधारण चारातला एक पहिल्या फेरीत सुटलेला आढळला. सुटलेले बहुतेक लहान होते, मोठे सुटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, पण शून्य नव्हतं. अॅडेनोमा म्हणजे पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा पॉलिप. तसे बहुतेक जात नाहीत, आणि जे जातात त्यांना सहसा कित्येक वर्षं लागतात. कोणता कोणत्या वाटेने जाईल हे पाहून सांगता येत नाही, म्हणून सापडेल तो काढतात. पॉलिप काढला म्हणजे पुढे कधी कर्करोग होणार नाही असं म्हणता येत नाही. शक्यता कमी होते, एवढंच.

आपल्या उदाहरणातल्या बाईंकडे परत येऊ. त्यांचे गुण ३, ३ आणि २. उजव्या बाजूला ६ मिमीचा एक पॉलिप काढला. बायोप्सीचा अहवाल आठवड्याभराने आला: अॅडेनोमा. असा एक किंवा दोन लहान अॅडेनोमा निघाले तर अमेरिकी शिफारशीप्रमाणे पुढची तपासणी ७ ते १० वर्षांनी, ३ किंवा ४ असतील तर ३ ते ५ वर्षांनी, १० मिमी किंवा मोठा असेल तर ३ वर्षांनी. काहीच न सापडल्यास १० वर्षांनी. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर ही गणितं बदलतात, आणि इतर देशांच्या शिफारशीही थोड्या वेगळ्या आहेत.

पण त्या आल्या होत्या लोह कमी का झालं हे पाहायला, आणि ६ मिमीचा पॉलिप सहसा इतकं रक्त घालवत नाही. म्हणजे त्यांचा मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. जठराची दुर्बीण झाली नसेल तर ती, आणि गरज पडल्यास लहान आतड्याची तपासणी, याबद्दल त्यांनी डॉक्टरांना विचारायला हवं. लोहाची गोळी पुन्हा कधी सुरू करायची, तेही त्याच भेटीत.